फोटोवरून जुन्या प्रवासी पोस्टरचा बाज: संजीवनी माची, तीन रंग आणि अक्षरांची जागा

गडफिरस्ता
राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून डिसेंबरातल्या संध्याकाळी काढलेला फोटो आहे. खाली संजीवनी माची तिच्या दुहेरी तटासकट वळत गेलेली, तिच्यामागे धुरकट डोंगररांगा आणि सगळ्यात मागे तोरणा. सूर्य तोरण्याच्या डावीकडे उतरलेला. याचं 1930-40 च्या दशकातल्या रेल्वे पोस्टरांसारखं चित्र करायचं आहे. सपाट आकार, मोजके रंग, थोडा खरखरीतपणा आणि वर 'राजगड' एवढी अक्षरं. आकार ए3, उभा. जमलं तर स्क्रीन प्रिंटिंगने छापायचं आहे, म्हणून जास्तीत जास्त तीन रंग.
गिंपमध्ये पोस्टराइज केलं की आकाशात पट्टे पडतात आणि माचीवरच्या गवताचे नुसते किडे होतात. वरून ग्रेन टाकला तर पोस्टर न दिसता खराब झालेला फोटो दिसतो. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

झटपटराव
पोस्टराइजच बरोबर आहे हो. फक्त त्याच्या आधी ब्लर करायचं. मीडियन ब्लर 10-12 पिक्सेल, मग पोस्टराइज 4 पातळ्या, सॅच्युरेशन कमी, वरती जुन्या पिवळ्या कागदाचं टेक्स्चर मल्टिप्लायमध्ये. दहा मिनिटांचं काम. उगाच पेन टूल घेऊन रात्र जागवू नका.

खडूफासे
ब्लर आधी करायचा, हे झटपटराव बरोबर सांगतायत. गवताचे किडे त्याने जातील. पण आकाशातले पट्टे ब्लरने जाणार नाहीत, उलट जास्त रेखीव होतील.
पोस्टराइजला 4 पातळ्या सांगितल्या की तो लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलचे वेगवेगळे चार तुकडे करतो. म्हणजे 4 × 4 × 4, एकूण 64 रंगांपर्यंत मजल जाऊ शकते. तीन चॅनलच्या पायऱ्या एकाच जागी पडत नाहीत, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात मध्येच एक गुलाबी पट्टा, मध्येच एक हिरवट पट्टा उगवतो. त्या पोस्टरवाल्यांनी असे रंग कधीच निवडले नसते, कारण त्यांच्या लेखी प्रत्येक रंग म्हणजे छपाईचा वेगळा दगड, वेगळी प्लेट किंवा वेगळी स्क्रीन, आणि त्या प्रत्येकाचे वेगळे पैसे.
म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवा. 'फोटोत किती रंग आहेत' हे विचारू नका. माझ्याकडे तीन शाया आणि एक कागद आहे, तर कुठल्या भागाला काय द्यायचं, एवढंच ठरवा. फोटो हा खालचा नकाशा. सगळ्यात खालच्या थरावर फिका करून ठेवायचा आणि वरून आकार हाताने काढायचे, इंकस्केप असो की गिंपचं पाथ टूल.
आकार किती बारीक काढायचे याचा सोपा उपाय: फोटो 400 पिक्सेल रुंदीचा करून बाजूला उघडा ठेवा आणि त्यात जे दिसतं तेवढंच काढा. ए3 वर 3 मिलिमीटरपेक्षा लहान काहीही आलं तर एक तर ते शेजारच्या आकारात मिसळा, नाहीतर मुद्दाम मोठं करा.

सोनचाफा_74
खूप छान माहिती. पण मोबाईलवर कुठल्या अ‍ॅपमध्ये हा फिल्टर मिळेल? माझ्याकडे गुहागरच्या किनाऱ्याचे फोटो आहेत, नुसता समुद्र आणि वाळू. त्यावर पण 'राजगड' असं येईल का?

टवाळ_कार्टं
@सोनचाफा, येईल की. फक्त भरती-ओहोटीला राजगड बुडायचा.

गडफिरस्ता
@सोनचाफा, हा फिल्टर नाही ताई, हाताने काढण्याबद्दल चाललं आहे. किनाऱ्याचंही विचारू या, चांगला प्रश्न आहे तो.
@खडूफासे, तीन शाया कुठल्या घ्याव्यात? आकाशाला नारिंगी, डोंगरांना निळा, माचीला हिरवा आणि तटाला काळपट हवा. इथेच चार झाले.

खडूफासे
हिरवा विकत घ्यायची गरज नाही. तो नारिंगीवर निळा चढवून फुकट मिळतो.
नारिंगी `#E9B872` आणि निळा `#6E8FA3` घ्या, निळ्या थराचा मोड मल्टिप्लाय. प्रत्येक चॅनलचा गुणाकार करून 255 ने भागलं की उत्तर मिळतं: लाल 233 × 110 ÷ 255 = 101, हिरवा 184 × 143 ÷ 255 = 103, निळा 114 × 163 ÷ 255 = 73. म्हणजे `#656749`, डिसेंबरात वाळायला लागलेल्या गवताचा शेवाळी रंग. सह्याद्रीला हाच हवा, पोपटी नको. खाली कागदाचा थर `#F3E6CB` ठेवून नारिंगीचा मोडही मल्टिप्लाय केलात तर हा आणखी थोडा गडद आणि उबदार होईल.
तिसरी शाई जवळजवळ काळी, पण काळी नव्हे: `#2F2A3A`. झाले पाच रंग, कागद, नारिंगी, निळा, शेवाळी, गडद. सूर्याला शाईच द्यायची नाही. नारिंगी आकाशात गोल भोक ठेवायचं, कागदच सूर्य होतो.
आता वाटणी. आकाशाचा खालचा भाग नारिंगी, वर जाताना विरत कागदावर संपणारा. तोरणा आणि मागच्या रांगा नुसत्या निळ्या. याचा अर्थ डोंगरांच्या जागी नारिंगी कापून काढायचा, नाहीतर तोरणाही शेवाळी होईल. माचीचा उतार नारिंगी अधिक निळा. तटाची सावली, बुरुजांची काळी बाजू आणि पुढचा कडा गडद.
सगळं झालं की चित्र करडं करून, अंगठ्याएवढं करून बघा. कागदाशी गुणाकार न धरता या पाच रंगांचा उजेड साधारण 231, 191, 135, 99 आणि 45 येतो, त्यामुळे आकार सुटे दिसतात. रंग बदललेत तर ही चाचणी पुन्हा घ्या. रंगीत पडद्यावर वेगळे दिसणारे दोन रंग करड्यात एकच निघाले, तर छपाईत त्यांच्यामधली कड मरते.

अल्पाइन_आजोबा
झटपटरावांच्या पिवळ्या कागदाबद्दल दोन शब्द. मी झुरिकला असतो, इथे जुनी पोस्टरं संग्रहालयांत आणि लिलावांत बरीच बघायला मिळतात. छापली तेव्हा ती पिवळी नव्हती. कागद नंतर पिवळा पडला. नीट जपलेल्या प्रतींचे रंग बघाल तर चक्क भडक वाटतात. रॉजर ब्रॉदेर्सची फ्रेंच रेल्वेची पोस्टरं घ्या किंवा इंग्लंडातली टॉम पर्व्हिसची, जुनेपणा त्यांच्या डागांत नसून आकारांच्या काटकसरीत आहे. पर्व्हिस तर बाह्यरेषासुद्धा काढत नसे, रंगाशेजारी रंग ठेवून मोकळा.
तेव्हा सुरकुत्या, घड्या आणि चहाचे डाग टाकू नयेत असं माझं मत.

झटपटराव
आजोबा, मत मान्य, पण लोकांना जुनं म्हणजे पिवळंच वाटतं. स्वच्छ कागदावर केलं तर 'व्हेक्टर आर्ट' म्हणतील.

अल्पाइन_आजोबा
म्हणू देत की.

तिरपी_रेघ
अक्षरांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. अक्षरं शेवटी 'बसवायची' नसतात, त्यांची जागा पहिल्या दिवशी कापून ठेवायची असते. ए3 ची उंची 420 मिलिमीटर. त्यातले वरचे 130 तरी मोकळे हवेत. तुमच्या फोटोत आकाश तेवढं नसेल तर कॅनव्हास वर वाढवा, आकाश सपाटच आहे, वाढवायला काही लागत नाही. चहूबाजूंनी 12 ते 15 मिलिमीटर कोरा कागद ठेवा.
इंग्रजी पोस्टरांची एक सवय इथे उचलू नका. ते कॅपिटल अक्षरं लांबलांब ठेवून शब्द अख्ख्या रुंदीभर पसरवतात. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि 'रा ज ग ड' असे चार पाहुणे वेगवेगळे उभे राहतात. रुंदी हवी असेल तर मुळातच रुंद फॉन्ट घ्या किंवा अक्षरं आउटलाइन करून शिरोरेषा हाताने जोडा. जुने पेंटर रेघ आधी ओढून मग तिला अक्षरं लटकवत, तसं.
'राजगड' नशीबवान शब्द आहे, वर-खाली मात्रा नाही. शिरोरेषेपासून पायापर्यंत 40 मिलिमीटर ठेवलीत तरी एकसंध ठोकळा दिसेल. खाली 'संजीवनी माची' लिहिणार असाल तर अनुस्वार आणि वेलांट्यांसाठी शिरोरेषेच्या वर अक्षराच्या निम्मी उंची धरा, नाहीतर त्या 'राजगड'च्या पायात घुसतील.
आणि मुख्य अडचण: शिरोरेषा ही आडवी जाड रेघ, तोरण्याचा माथाही आडवा. दोन्ही जवळ आले की डोळा अक्षरांवरून घसरून डोंगरावर जातो. अक्षरांचा पाया आणि तोरण्याचा माथा यांत किमान एका अक्षराच्या उंचीएवढं अंतर ठेवा.
फॉन्ट: मोठ्या शब्दाला 'यात्रा वन' बघा, रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचा वळसा आहे त्यात. पण तो लहान आकारात वापरू नका, बारीक टोकं छपाईत भरतात. खालच्या ओळीला 'खंड' किंवा 'मुक्ता' ठीक.

चौकटराजा
अक्षरं आकाशातच का? इंग्लंडच्या रेल्वे पोस्टरांत खाली वेगळी पट्टी असायची. ती केली तर चित्राला धक्का लागत नाही.

तिरपी_रेघ
करता येते. 60 मिलिमीटरची गडद पट्टी आणि त्यात कागदाच्या रंगाची अक्षरं. पण मग पुढचा गडद कडा आणि पट्टी एकमेकांना चिकटतील, मध्ये कागदाची 3-4 मिलिमीटरची रेघ सोडावी लागेल. शिवाय गडद शाईत उलटी कापलेली बारीक अक्षरं शाई पसरून बुजतात. माझं मत आकाशाला.

गडफिरस्ता
आकार काढून झाले. शेवाळी रंग बघून उडालोच. पण आता नवीन भानगड. तोरणा आणि त्याच्या पुढच्या दोन रांगा, तिन्ही एकाच निळ्या शाईत. सगळं मिळून एकच निळं गाठोडं दिसतंय. फोटोत तर छान थर दिसतात.

टवाळ_कार्टं
तीन रांगांवर नावं लिहा. तोरणा, तोरण्याचा धाकटा भाऊ, आणि पाहुणे.

खडूफासे
फोटो पुन्हा बघा. प्रत्येक रांगेची वरची कड गडद आहे आणि पायथा फिका, कारण धुरकं दरीत साचतं. नेमकं हेच शाईने करायचं. रांगेची वरची कड भरीव निळी, आणि खाली उतरताना निळा ठिपक्याठिपक्याने विरत कागदावर आणायचा. मग पुढच्या रांगेची भरीव कड मागच्या रांगेच्या विरलेल्या पायथ्यावर उठून दिसते. शाई एकच, थर तीन. ग्रेनची खरी जागा ही. अख्ख्या चित्रावर सारखा पसरलेला ग्रेन हा फिल्मचा असतो. पोस्टरमधला ग्रेन एका शाईचा असतो आणि जिथे ती शाई विरते तिथेच असतो. दगडावर तेलकट खडू घासला की दगडाच्या खरबरीत कणांवर जो तुटक ठसा उमटतो, त्यातून तो आला.
गिंपमध्ये असं करा. ठिपके मुद्दाम लहान फाइलमध्ये बनवायचे. ए3 म्हणजे 300 डीपीआयला 3508 × 4961 पिक्सेल. त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, 1170 × 1654 ची फाइल घ्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर रांगेचा आकार काळा, वरच्या कडेला थोडा बाहेरपर्यंत वाढवलेला, त्याला लेयर मास्क, मास्कमध्ये वरून खाली पांढरा ते काळा ग्रेडियंट, थराचा मोड डिझॉल्व. फ्लॅटन करा, तिप्पट मोठं करा, 2 पिक्सेल गॉशियन ब्लर द्या आणि थ्रेशोल्ड 127 वर मारा. ठिपक्यांच्या कडा गोलसर, वेड्यावाकड्या होतात आणि करडा एकही पिक्सेल उरत नाही. ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा येतो. थेट मोठ्या फाइलमध्ये डिझॉल्व केलंत तर ठिपका एका पिक्सेलचा, म्हणजे 0.085 मिलिमीटर. तो कागदावर दिसत नाही, आणि चित्र लहान करून ऑनलाइन टाकलं की त्याचा नुसता करडा धूर होतो.
कडांचे आकार मात्र लहान फाइलमधले वापरू नका. मोठ्या फाइलमधल्या भरीव आकाराला हे ठिपके इन्व्हर्ट करून मास्क म्हणून लावा, म्हणजे वरची कड धारदार राहते.
दोन गोष्टी तपासा. ग्रेडियंटची दोन्ही टोकं कर्व्हजने थोडी कापा, नाहीतर भरीव भागात भोकं आणि कोऱ्या आकाशात एकटेदुकटे ठिपके राहतात, ते धुळीसारखे दिसतात. आणि आकाशाचा नारिंगी व डोंगराचा निळा दोन्ही डिझॉल्वने केले तर ठिपके एकमेकांवर तंतोतंत बसू शकतात. तसं दिसलं तर एक थर 20-30 पिक्सेल सरकवून मग फ्लॅटन करा आणि तेवढाच परत जागेवर आणा.

ब्रशबहाद्दर
एवढं डिझॉल्व कशाला? टूथब्रश काळ्या पोस्टर कलरमध्ये बुडवून कागदावर शिंतोडे उडवा, 600 डीपीआयला स्कॅन करा, थ्रेशोल्ड करा. लहान-मोठे ठिपके मिश्र येतात, मशीनचा एकसुरीपणा येत नाही. कागद लांब-जवळ धरून दाट आणि विरळ असे चार-पाच नमुने करून ठेवले की जन्मभर पुरतात.

खडूफासे
दिसायला तुमची पद्धत सरस आहे, वाद नाही. पण पायथा नेमका कुठे विरायचा यावर ताबा कमी राहतो. आकाशाला शिंतोडे आणि डोंगरांना डिझॉल्व असं मिश्रण चालेल.

स्क्वीजीवाला
छपाईवाला म्हणून बोलतो. पडद्यावर मल्टिप्लाय केलं म्हणून स्क्रीनवर शेवाळी येईलच असं नाही. दुकानात साधी मिळणारी बरीच शाई झाकणारी असते. नारिंगीवर निळा मारला तर नुसता निळाच दिसेल. निळ्यात ट्रान्सपरंट बेस मिसळायला सांगा, आणि प्रमाण ठरवण्याआधी त्याच कागदावर नारिंगीचा एक पट्टा, त्यावर निळ्याचा पट्टा ओढून, वाळवून बघा. बेस मिसळल्यावर एकटा निळाही फिका होतो, म्हणून मूळ निळा एक पायरी गडद घ्यायचा.
क्रम फिक्याकडून गडदकडे: नारिंगी, निळा, शेवटी गडद. प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी आणि पूर्ण काळी द्या, रंगीत नको. तिन्ही फिल्मवर त्याच जागी रजिस्ट्रेशनच्या खुणा हव्यात, चित्राच्या बाहेर.
आता कडांचं. तोरण्याच्या जागी नारिंगी कापलाय ना? तो तंतोतंत कापू नका. कागद अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी आकाश आणि डोंगर यांच्यामध्ये कागदाची पांढरी रेघ उघडी पडते आणि ती लांबूनही दिसते. नारिंगी निळ्याच्या खाली अर्धा मिलिमीटर, म्हणजे 6 पिक्सेल, आत जाऊ द्या. त्या जागी शेवाळी बारीक कड येईल. ती वाईट दिसत नाही, उलट हाताने छापल्यासारखं वाटतं. पण एक मिलिमीटरच्या वर गेली की डोंगराला बॉर्डर मारल्यासारखी दिसते.
पाव मिलिमीटरचा ठिपका फिल्मवर येतो, पण स्क्रीन धुताना त्यातले बरेच उडतात आणि दाट भागातली बारीक भोकं शाईने भरतात. म्हणजे विरणारा भाग पडद्यावर दिसतो त्यापेक्षा आखूड आणि तुटक छापला जातो. 0.4 मिलिमीटर ठेवलात तर झोप लागेल.

गडफिरस्ता
म्हणजे तिसऱ्याऐवजी पाचव्या हिश्शाच्या फाइलमध्ये ठिपके करू? 702 × 993?

स्क्वीजीवाला
बरोबर. पाच पिक्सेल म्हणजे 0.42 मिलिमीटर. फक्त ब्लरही वाढवा, 3 च्या आसपास.

चौकटराजा
माझा आणखी एक प्रश्न राहिलाच. संजीवनीचा दुहेरी तट तीन मिलिमीटरच्या नियमात बसतो का? ए3 वर त्या दोन भिंतींमधली फट केसाएवढी येणार. एकच तट काढला तर मग ती संजीवनी कसली?

खडूफासे
इथे नियम वाकवा. माचीच्या जवळच्या भागात फट मुद्दाम रुंद करा, दोन-तीन मिलिमीटर, आणि आत गडद सावली भरा. लांबच्या टोकाला दोन्ही तट एकाच रेषेत मिसळू द्या.

अल्पाइन_आजोबा
असहमत. रुंद केलेली फट बघून न पाहिलेल्या माणसाला तो रस्ता वाटेल. त्यापेक्षा एकच जाड तट आणि बुरुजांची गोलाई नीट.

चौकटराजा
पाहिलेल्याला मात्र चुकलेलं वाटेल ना आजोबा.

टवाळ_कार्टं
दोन पोस्टरं छापा. एक पाहिलेल्यांना, एक न पाहिलेल्यांना.

सोनचाफा_74
माझ्या समुद्राचं कोणी सांगितलं नाही.

तिरपी_रेघ
सोनचाफाताई, किनाऱ्याला उंच आकार नसतो ही अडचण. आकाश आणि समुद्र दोन्ही आडवे, वर शिरोरेषा तिसरी आडवी. फोटोत सुरूची झाडं, होडी, डोलकाठी असं काही उभं असेल तर ते पुढे आणून अक्षरांच्या एका बाजूला उंच उभं करा, अक्षरांच्या वरपर्यंत गेलं तरी चालेल. क्षितिज मधोमध ठेवू नका, खालच्या तिसऱ्या हिश्शात उतरवा, म्हणजे वर अक्षरांना जागा होते.

खडूफासे
आणि तीन शाया लागणारच नाहीत. वाळू म्हणजे कोरा कागद, समुद्र निळा, सुरू गडद. लाटेचा फेस निळ्यात कापलेला. भरीव निळ्याकडून वाळूकडे विरणारा ठिपका दिलात की उथळ पाणी होतं. ओली वाळू हवी असेल तरच नारिंगी आणा.

सोनचाफा_74
फोटोत एक सुरू आहे, पण तो उजवीकडे अर्धा कापला गेलाय. चालेल?

तिरपी_रेघ
चालेल. कापलेला असला तर उत्तमच, चौकटीबाहेर जाणारं झाड त्या पोस्टरांत बऱ्याचदा असे. फक्त खोड कडेला चिकटवू नका, पूर्ण दिसू द्या, आणि नुसती फांद्यांची बाजू बाहेर जाऊ द्या.

स्क्वीजीवाला
@गडफिरस्ता, फिल्म काढण्याआधी तिन्ही थर वेगवेगळे काळे-पांढरे करून इथे टाका. तटाचं भांडण मिटेल तेव्हा मिटेल, रजिस्ट्रेशनच्या खुणा आधी बघतो.

गडफिरस्ता
उद्या टाकतो. गडद थर दोन प्रकारे देतो, फटीचा आणि बिनफटीचा.